अंधार उजळणारा ठिपका

मी चाळीस घोडेस्वार वाल्मिकच्या मदतीला पाठवले आणि त्याने वेशीचा दरवाजा माझ्याच तोंडावर लावून घेतला. नुसता लावला नाही, वर कुलूप घातलं. शिवाय गावात घंटा बडवून सगळे लाकूडतोडे, शेतकरी, मेंढपाळ वाड्यात कोंडले. माझे घोडे दाराबाहेर जाऊन उभे राहिले, लग्नघरी चुकून दुसऱ्याच वऱ्हाडाची बस येऊन थांबावी तसे. आणि आमचा खरा शत्रू मागच्या कुंपणातून आत शिरून त्याचं गाव धुऊन घेऊन गेला.

हे सगळं संगणकाच्या पडद्यावर घडलं, म्हणून दोघेही जिवंत राहिलो.

नव्व्याण्णव साल उजाडायला थोडे दिवस होते. सिल्वासाला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत केतकीचा कॉम्प्युटर क्लास होता. केतकी म्हणजे शाळेतल्या अनंत सरांची मुलगी. सर मूळचे देवगडकडचे, बदलीने आले आणि इथलेच झाले. घराच्या पुढच्या खोलीत मुलीचा क्लास, मधल्या खोलीत सरांच्या गणिताच्या शिकवण्या. रविवारी दुपारी क्लास बंद असला की केतकी चार यंत्रं एका तारेने एकमेकांना जोडून द्यायची आणि आम्ही लढाईचा खेळ खेळायचो. दोघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या. प्रत्येकाचं एक गाव, एक राजा. लाकूड तोडा, धान्य पिकवा, सोनं खणा, फौज उभी करा आणि दुसऱ्याचा राजा पाडा. जोडीतल्या एकाचा राजा पडला की दोघेही हरले.

मी तेव्हा नरोलीच्या एका सूत कारखान्याचं कॅन्टीन चालवत होतो. मला सगळे आबा म्हणायचे, पोटावरून म्हणत असावेत. वाल्मिक त्याच कारखान्यात, पारोळ्याकडचा, 'आहे'ला 'शे' म्हणणारा, पंचविशीचा. स्टोअरमध्ये टेबलावरचं काम मिळावं म्हणून तो संध्याकाळच्या बॅचला टायपिंग शिकायला यायचा, आणि एका रविवारी खेळात जोडीला माणूस कमी पडला म्हणून मी त्याला बसवला. माझ्या आयुष्यात मी केलेल्या उपकारांपैकी हा एक. बाकीचे आठवत नाहीत.

तर दरवाजा लावल्यावर मी उठून त्याच्या खुर्चीशी गेलो. "वाल्मिक, तुझी माझी काही भांडणं आहेत का?"

"नाही, आबा."

"मग माझ्या घोड्यांना दार का लावलं?"

"तुमचे होते का ते?" त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माले वाटलं निलेशभाऊचे."

निलेश वापीचा. क्लासची यंत्रं दुरुस्त करायला यायचा आणि जाताना आम्हाला हरवून जायचा. त्याच्या जोडीला त्याचा मावसभाऊ पप्पू. दोघांची बोटं अशी चालायची की कळफलकावर पाऊस पडतोय असं वाटावं. पलीकडच्या भिंतीशी दोघे हसत होते.

"आबा, तुमचा पार्टनर फार हुशार आहे," निलेश म्हणाला. "कोणावर विश्वास ठेवू नये हे त्याला बरोबर कळलंय."

सगळे हसले. वाल्मिक हसला नाही. त्याने माऊस अलगद बाजूला ठेवला आणि म्हणाला, "कारखान्यातबी हेच चाललंय माझं. डोकं ठिकाणावर राहत नाही."

ही गोष्ट मला माहीत होती. कारखान्यात सूत पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळलं जातं. एका जातीच्या सुताच्या नळीला टोकाशी तांबडा पट्टा, दुसऱ्या जातीच्या नळीला हिरवा. सूत पाहून दोन्ही सारखंच, पांढरं. फरक नळीवरून ओळखायचा. वाल्मिक पॅकिंगला होता आणि त्याने दोन्ही जाती एकाच पेटीत भरल्या. सुरतेच्या विणकराने कापड विणलं, रंगवायला टाकलं आणि कापडावर वाघाच्या अंगासारखे पट्टे उठले. लॉरी परत आली. त्याला बोलणी बसली. महिना गेला आणि त्याने पुन्हा तेच केलं.

त्याला पॅकिंगवरून काढून झाडूवर लावलं. झाडूवर लावणारा होता झिपरू, वाल्मिकचा लांबचा मामा आणि कारखान्यातला फोरमन. त्यानेच भाच्याला गावाहून आणलं होतं, त्यामुळे त्याची दुप्पट मानहानी झाली. झिपरूने सांगून टाकलं होतं की नव्या वर्षात झाडूवरही ठेवणार नाही. कामावर लक्ष नसलेला माणूस मशीनपाशी म्हणजे हात तुटायचा धोका, त्यापेक्षा गावी गेलेला बरा. वाल्मिकला ते पटलंही होतं. त्याने पुतळाबाईला, म्हणजे बायकोला, निरोप धाडला होता की मी येतोय, कायमचा.

मला हे काही रुचत नव्हतं. तो गेला तर मला खेळायला जोडीदार कुठून मिळणार, असा माझा स्वार्थ होता. पण केतकी मात्र वेगळंच काहीतरी बघत होती. ती त्याच्या मागे उभी राहिली आणि तिने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

त्या कोपऱ्यात सगळ्या प्रदेशाचा छोटा नकाशा असायचा, हाताच्या पंज्याएवढा. आपलं कोणी अजून गेलंच नाही तो भाग काळा. जाऊन आलो पण आता तिथे कोणी नाही तो भाग करडा. तिथे शेवटचं पाहिलेलं चित्र तसंच राहतं, नंतर काय बदललं ते दिसत नाही. आणि आत्ता ज्या भागावर आपली नजर आहे तो उजळ. या सगळ्यावर रंगीत ठिपके, प्रत्येक खेळाडूचा एक रंग. रंग खेळच वाटून द्यायचा, ज्या क्रमाने यंत्रं जोडली जातील त्या क्रमाने: निळा, तांबडा, हिरवा, पिवळा.

"यातले आबांचे कुठले?" केतकीने विचारलं.

वाल्मिकने बोट ठेवलं. बोटाखाली निलेशची फौज होती.

"नक्की?"

"नक्की, ताई."

केतकीने खेळ बंद केला, यंत्रं वेगळ्या क्रमाने जोडली आणि नवा डाव मांडला. आता माझा रंग निळा आला. "आता दाखव." त्याने पटापट दाखवले, एकही चूक नाही. पुन्हा क्रम बदलला, मी हिरवा, निलेश तांबडा. पुन्हा चूक. मला वाटलं पोरगी गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती. तिने मला स्वयंपाकघरातून टोमॅटो आणायला सांगितलं. मी एक पिकलेला आणि एक कच्चा आणला.

"बाजारात पिकलेला कसा ओळखतोस?"

वाल्मिकने दोन्ही हातात घेतले आणि अंगठ्याने दाबले. "हा."

"न दाबता सांग."

तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "न दाबता कोणाला कळतं, ताई?"

खोलीत कोणी हसलं नाही. निलेशसुद्धा नाही, आणि निलेश तेराव्यालाही हसणारा माणूस. पंचवीस वर्षं हा माणूस असं समजून चालला होता की सगळं जगच टोमॅटो दाबून घेतं.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे," केतकी म्हणाली. "तुला तांबडा आणि हिरवा वेगळा दिसत नाही, एवढंच. खूप पुरुषांना असतं. माझ्या कॉलेजात एक होता."

वाल्मिक खुर्चीवर बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी सांगू शकत नाही. मी मोठमोठी वर्णनं केली आहेत, नसलेल्या वाघांचीसुद्धा, पण ते तोंड मला जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी झिपरूला हे सगळं सांगितलं. त्याने बशीतला चहा संपवला.

"आबा, तुम्ही मागे सांगितलं होतं की दमणगंगेत मगरीने तुमची सायकल गिळली."

"त्यात खोटं काय आहे?"

"हेबी तसंच. पोराला बोर्ड वाचता येतो, लांबून बस ओळखता येते. डोळे चांगले शेत. लक्ष नाही, म्हणून आता डोळ्याचं निमित्त."

"सरकारी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर येतात. त्यांच्याकडून लिहून आणतो."

"कागदावर कोणीबी काहीबी लिहून देतं." झिपरू उठला. मग थांबला, कारण माणूस वाईट नव्हता, भाचा होता तो त्याचा. "लक्ष देतो की नाही ते मी स्वतः पाहिलं तर मानेन. माणसाचं लक्ष माले मागून उभं राहूनबी कळतं. वीस वर्षं तेच काम शे माझं."

हे मी केतकीला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना रविवारी बोलवा. मागे खुर्ची ठेवते."

रविवार यायच्या आत तिने आणखी एक काम केलं, आणि त्यासाठी मी अजून तिचं नाव घेतो. आम्ही आजवर खेळत होतो ते मुक्याने. शेजारी सरांची शिकवणी, म्हणून स्पीकर कायमचे बंद. आम्हाला वाटायचं, आवाज म्हणजे नुसता ढणढणाट, गंमत म्हणून घातलेला. केतकीने घराघरातून वॉकमनचे हेडफोन गोळा केले आणि यंत्रांना लावले. मी कानाला लावले आणि मला पहिल्यांदा कळलं की या राज्यात आवाज आहेत. कुऱ्हाड चालते. घोडा फुरफुरतो. बांधकाम पुरं झालं की ठोका पडतो. नवा शिपाई तयार झाला की तुतारी वाजते. आपल्यावर हल्ला झाला की एक लांब शिंग, जोडीदारावर झाला की दोन आखूड. आणि शिंग वाजताच नकाशात नेमक्या त्या जागी एक पांढरी चौकट लुकलुकते, मग आपण पडद्यावर कुठेही बघत असू.

"बघा," केतकी आम्हा दोघांना म्हणाली, "मोठ्या पडद्यावर दिसतं ते एवढंसं." तिने नकाशातल्या छोट्या चौकोनावर बोट ठेवलं. मोठ्या पडद्यावर जे दिसतं ते नकाशात त्या चौकोनाएवढंच. "बाकी सगळं जग कानाला आणि कोपऱ्याला माहीत असतं. आबा, तुम्ही लढाई लागली की तिथेच बघत बसता."

"मग लढाई कोण बघणार?"

"लढाई आपली आपण होते. तुम्ही नकाशा बघा, वरची ओळ बघा, मग लढाई, मग पुन्हा नकाशा."

वरच्या ओळीत लाकूड, धान्य, सोनं, माणसं किती ते आकडे असत. खाली कडेला चौघांची नावं आणि प्रत्येकापुढे गुण. बांधलं, मारलं, जिंकलं की गुण वाढत. ती नावं त्या त्या रंगात लिहिलेली, पण नाव वाचायला रंग लागत नाही.

मला हे सगळं जडच गेलं. मी चहा करताना दुसरा चहा करू शकत नाही. वाल्मिकला मात्र कसली तरी भूक लागल्यासारखं झालं. रोज शिफ्ट सुटली की तो क्लासला यायचा, एकटाच डाव मांडायचा, यंत्राला जोडीदार आणि यंत्रालाच शत्रू करून. खेळायचा कमी, बघायचा जास्त. एकदा मी विचारलं, काय शोधतोस. म्हणाला, "रंग सोडून दुसरं काय वेगळं शे, ते."

शनिवारी त्याला ते सापडलं असावं, कारण तो शीळ घालत कॅन्टीनमध्ये आला. मला सांगितलं मात्र नाही.

रविवारी दुपारी झिपरू इस्त्रीचा शर्ट घालून आला. केतकीने त्याला वाल्मिकच्या मागे खुर्ची दिली. निलेश आणि पप्पू समोरच्या भिंतीशी, आम्ही या भिंतीशी, म्हणजे कोणाला कोणाचा पडदा दिसू नये. डाव सुरू झाला की बोलायचं नाही, हा नियम, कारण एकाच खोलीत बोललेलं शत्रूच्याही कानात जातं. रंग कोणाला कुठला येणार ते कोणाच्या हातात राहू नये म्हणून यंत्रं जोडायच्या क्रमाच्या चिठ्ठ्या टाकल्या. केतकीने त्या सरांच्या टोपीतून काढल्या.

वाल्मिक निळा. निलेश तांबडा. मी हिरवा. पप्पू पिवळा.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. निळा सोडला तर बाकी तिघे, पिवळासुद्धा, वाल्मिकच्या लेखी एकाच पातेल्यातलं वरण. निलेशलाही ते कळलं. "चिठ्ठ्या पुन्हा टाकायच्या का?" त्याने विचारलं, आणि हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

"नको," वाल्मिक म्हणाला. "राहू दे."

सुरुवातीचा वेळ बांधकामात गेला. माझे लाकूडतोडे नेहमीप्रमाणे आळशी. एक तर झाडाखाली उभा राहून त्या झाडाचं वय विचारत असावा. वाल्मिकने नदीकाठी एक टेहळणीचा बुरूज बांधला. मग मी घोडे जमवले आणि जंगलातून त्याच्या गावाकडे निघालो. आमचं ठरलं होतं, दोघांनी मिळून निलेशवर जायचं. पण निलेशनेही तेच ठरवलं होतं. त्याची फौज नदीच्या बाजूने त्याच गावाकडे निघाली.

पुढचं मला झिपरूने नंतर सांगितलं, आणि झिपरू सायकल गिळणाऱ्या मगरी पाहत नाही.

त्याने पाहिलं की पोराचे डोळे एका जागी राहत नव्हते. मधे, कोपरा, वर, खाली, पुन्हा कोपरा. मशीनच्या खात्यात चांगला कामगार असाच फिरतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकत, कुठे दोरा तुटलाय का ते पाहत, आणि थांबतो तो फक्त जिथे थांबायला हवं तिथे. झिपरू पुढे सरकला. नकाशात गावाकडे येणारे दोन घोळके त्याला दिसले. एक तांबडा, एक हिरवा. लहान पोरालाही कळावं. त्याने वाल्मिकच्या एका कानावरचा हेडफोन वर उचलला.

"यातला तांबडा कोणता?"

"काका, बोलायचं नाही," पलीकडून निलेश म्हणाला.

"मी तुझ्या राज्यातला नाही, बाबा," झिपरू म्हणाला, आणि पुन्हा भाच्याला, हळू आवाजात, "तांबडा कोणता?"

"माहीत नाही, मामा. दोन्ही सारखेच शेत."

आणि असं म्हणत असतानाच त्याने जंगलाकडचं दार उघडलं आणि नदीकडच्या दारावर सगळे धनुर्धारी उभे केले. झिपरू म्हणतो, त्याने कडेची रंगीत नावं पाहिली, ते बरोबर होतं.

"मग तुले कसं समजलं?"

वाल्मिकने नकाशावर बोट फिरवलं. "हा घोळका बघा. चालतो तसा त्याच्याभोवती उजेड चालतो. काळं उघडत येतो. जोडीदाराला जे दिसतं ते आपल्याला दिसतं, म्हणून. आणि हा दुसरा बघा, नदीकडचा. हा एकदम उगवला, आपल्या बुरुजाच्या उजेडात आला तेव्हा. स्वतःचा उजेड नाही त्याला. त्याच्या खाले अंधार शे."

झिपरूने हेडफोन पुन्हा त्याच्या कानावर ठेवला. दोन्ही हातांनी, नीट.

माझे घोडे आत आले, या वेळी सन्मानाने. निलेशची फौज नदीकडच्या दारावर आदळली आणि बाणांखाली सापडली. मग मी घोडे दुसऱ्या बाजूने बाहेर काढून तिच्या पाठीवर घातले. काय लढाई झाली म्हणून सांगू. माझा एक घोडा तर मेल्यावरही दोन जणांना लाथ मारून गेला. मी इतका रंगलो की खुर्चीच्या टोकावर आलो. कानात लांब शिंग वाजलं. वाजणारच, माझे घोडे लढत होते. पुन्हा वाजलं. वाजू दे.

वाल्मिकच्या कानात त्याच वेळी दोन आखूड शिंगं वाजली, म्हणजे माझ्यावर हल्ला. पहिल्या वेळी त्याने कोपऱ्यात पाहिलं, चौकट त्याच्याच दाराशी लुकलुकत होती, ठीक. दुसऱ्या वेळी पुन्हा पाहिलं. चौकट पार दुसऱ्या टोकाला होती, माझ्या गावावर. त्याने कडेची नावं पाहिली. दाराशी लढत होता निलेश, पण गुण वाढत होते पप्पूचे. पप्पूचा एकही माणूस इथे नव्हता. मग पप्पू कोणाला मारत होता?

त्याने नकाशात माझ्या गावावर टिचकी मारली. मोठा पडदा क्षणात तिथे गेला. ठिपक्यांत त्याला काही कळलं नसतं, माझे शेतकरी आणि पप्पूचे शिपाई सगळे एकच वरण. पण मोठ्या पडद्यावर दगडफेकीचा गाडा गाड्यासारखाच दिसतो, आणि कानात त्याच्या चाकांचा करकराट आला. माझी अर्धी भिंत आडवी झाली होती. माझा राजा विहिरीभोवती प्रदक्षिणा घालत होता.

वाल्मिकने मला खूण केली. नकाशात जोडीदारासाठी निशाण टाकता येतं, त्याची किणकिण होते. किणकिण माझ्या कानात आली. मी म्हटलं, पोरगं खुशीत आलंय. त्याने पुन्हा टाकलं. पुन्हा. चौथ्या किणकिणीला मी एकदाचं कोपऱ्यात पाहिलं आणि माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो शेजारच्या खोलीत सरांनी ऐकला.

माझे घोडे लढाईत अडकलेले, ओढले असते तर पाठीवर वार खाऊन मेले असते. वाल्मिकने माझी वाट पाहिलीच नाही. त्याने धनुर्धारी दाराशी ठेवले आणि आपले सगळे स्वार माझ्या गावाकडे सोडले, नदीकाठच्या सोप्या वाटेने नाही, जंगलातून, मी आलो त्याच वाटेने, कारण ती उघडलेली होती आणि तिथे कोणी दबा धरून नाही हे त्याने पाहिलेलं होतं. मी माझ्या राजाला विहिरीभोवती फिरवत राहिलो. त्या बिचाऱ्याने त्या दिवशी जेवढे फेरे घातले तेवढे वडाला बायका सात जन्मांत घालत नाहीत.

स्वार पोचले तेव्हा राजाच्या अंगात रेघभर जीव उरला होता. दगडफेकीच्या गाड्यांना जवळ आलेला स्वार मारता येत नाही. गाडे जळाले, पप्पूचे शिपाई मेले. वाल्मिक तिथे रेंगाळला नाही. पप्पूची फौज इथे संपली म्हणजे पप्पूचं घर मोकळं, असं त्याने धरलं आणि स्वार तसेच पुढे काढले. पप्पू आपली मोडलेली फौज पाहत बसला होता. त्याच्या कानात शिंग वाजलं असेल, पण त्यालाही वाटलं असेल, वाजू दे. मला त्याचं दुःख समजतं.

पप्पूचा राजा पडला.

निलेशने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "वाल्मिकभाऊ," तो म्हणाला, "पुढच्या वेळी मी तुझ्या बाजूला." आणि पप्पूला म्हणाला, "तू कुठे बघत होतास?"

"लढाई," पप्पू म्हणाला.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "लढाई बघायचीच असते." पण कोणी ऐकलं नाही.

झिपरू उठला. त्याने शर्ट खाली ओढला, घसा साफ केला. माफी वगैरे मागणाऱ्यातला तो नव्हता. भाच्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "उद्यापासून मशीनवर ये, माझ्या शिफ्टला. तिथे नळ्या वेगळ्या करायचं काम नाही. तिथे पाहायचं आणि ऐकायचं काम शे." मग केतकीकडे वळून त्याने हात जोडले. तिच्या वयाच्या मुलीपुढे जोडायचे नाहीत इतके जोडले.

"अहो, मामा, मी काय केलं? हेडफोन लावले."

"लॉरी परत आली तेव्हा त्याच्यावर सर्वांच्या आधी मी ओरडलो होतो, पोरी. तू एक टोमॅटो दिला त्याच्या हाती. माले सुचलं नाही ते."

 

मग वाल्मिक केतकीकडे गेला. तिच्यासमोर उभा राहिला, हात मागे बांधले, पुढे बांधले, पुन्हा सोडले. शेवटी तीच म्हणाली, "जा, आधी घरी फोन कर. नाहीतर ती तुझी वाट बघत बसेल."

आम्ही चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो. रविवारची संध्याकाळ, अर्धं नरोली गावाकडे फोन करायला आलेलं, बिहारपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं रांगेत. वाल्मिकचा नंबर आला. पारोळ्याला फोन शेजारच्या किराणा दुकानात. दुकानदाराने पुतळाबाईला बोलवायला माणूस धाडला, तोवर काचेच्या पेटीत मीटर पळत होतं आणि वाल्मिक रिसीव्हर छातीशी धरून उभा होता. मग ती आली असावी.

"पुतळे? हां, मीच. ऐक. मी येत नाही. नाही, नाही, बरं शे सगळं. तूच इकडं ये. खोली घेऊ." मग त्याचा आवाज असा चढला की काचेतून बाहेरच्या सगळ्या रांगेला ऐकू गेला. "अगं, माझ्या डोळ्यात खोट शे. हां, डोळ्यात. जन्मापासून. तांबडं आणि हिरवं दिसतच नाही माले. डोक्यात काही नाही, नुसतं डोळ्यात."

पलीकडे ती बहुतेक रडायला लागली, कारण तो तिला समजावू लागला की ही चांगली बातमी आहे. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघत होती. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका बिहारी माणसाने मला हळूच विचारलं, त्याला लॉटरी लागली का.

मी म्हटलं, हो.